गच्चीवरचे पहिले पाच मीटर

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी घरभर फिरतं ते निव्वळ उंचीच्या जोरावर. एक मीटर उंचीचं पाणी साधारण ०.१ बार दाब देतं. टाकीच्या तळापासून नऊ मीटर खाली असलेल्या तळमजल्याच्या नळाला म्हणजे ०.९ बार दाब मिळायला हवा, आणि वरच्या मजल्यावरच्या, तीन मीटरच खाली असलेल्या नळाला ०.३ बार. या हिशेबाने तळमजल्यावर राहणारे सगळ्यांत सुखी. तरीही कित्येक तीन मजली घरांत सकाळी तळमजल्यावरूनच ओरड येते: वरचा नळ बंद करा, इथे करंगळीएवढी धार पडतेय. प्लंबरला बोलावलं की तो तळमजल्याच्या नळाकडे पाहतो, जाळी काढून धुतो, नळ बदलतो. धार तशीच राहते, कारण दोष बहुधा त्या नळापासून पंधरा-वीस मीटर दूर, गच्चीवर असतो.

वर सांगितलेला दाब सगळे नळ बंद असतानाचा आहे. पाणी थांबलेलं असताना पाइप जाड असो की बारीक, दाब तेवढाच. नळ उघडून पाणी वाहू लागलं की ते पाइपच्या भिंतींना घासतं, एल्बोत वळतं, व्हॉल्व्हमधून दाटीवाटीने जातं, आणि या प्रत्येक ठिकाणी उंचीचा थोडा थोडा भाग खर्च होतो. तेव्हा हा जमाखर्च समजावा: टाकीच्या तळापासून नळापर्यंतची उभी उंची ही जमा, वाटेतलं घर्षण हा खर्च, आणि नळाच्या तोंडाशी जी शिल्लक उरेल तिच्यावर धार ठरणार. हा खर्चही मीटरमध्येच मोजतात, त्यामुळे वजाबाकी सोपी जाते.

जमा आपल्या हातात फारशी नसते. घर बांधून झालं, टाकीचा ओटा झाला, की उंची ठरून गेली. खर्च मात्र पाइपच्या व्यासावर विलक्षण अवलंबून असतो. ॲलन हेझन आणि गार्डनर विल्यम्स या दोन अमेरिकन अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रचारात आणलेलं सूत्र आजही पाणीपुरवठ्याच्या कामात वापरतात. त्यानुसार पाणी तेवढंच वाहत असेल तर घर्षणाचा खर्च व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलतो. व्यास निम्मा केला तर खर्च दुप्पट किंवा चौपट न होता जवळपास तीसपट होतो. उलट बाजूने पाहिलं तर तेवढ्याच उंचीवर दुप्पट व्यासाचा पाइप सहापट पाणी वाहून नेतो. दोन अर्धा इंची पाइप शेजारी शेजारी टाकले म्हणजे एक इंची पाइपाचं काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. त्यासाठी पाच-सहा टाकावे लागतील.

इथे एक अडचण आहे. दुकानात ज्याला अर्धा इंची म्हणतात त्याचं आतलं भोक किती, हे पाइप कशाचा आहे यावर ठरतं. जुन्या मध्यम जाडीच्या अर्धा इंची जीआय पाइपचं भोक सुमारे १६ मिलिमीटर असतं. आज बाथरूममध्ये सर्रास टाकतात त्या, पिवळसर रंगाच्या एसडीआर ११ दर्जाच्या सीपीव्हीसी पाइपमध्ये अर्धा इंचीचं भोक भरतं साधारण साडेबारा मिलिमीटर. सीपीव्हीसीची मापं तांब्याच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलेली आहेत आणि प्लास्टिकची भिंत तांब्यापेक्षा जाड लागते, म्हणून आतली जागा कमी उरते. नाव एकच, पण भोक साडेतीन मिलिमीटरने लहान, आणि वाहून नेण्याची ताकद जवळपास निम्मी. गंजलेली जीआय लाइन काढून "त्याच साइजची" सीपीव्हीसी टाकली, आणि सहा महिन्यांनी घरच्यांना वाटू लागलं की पूर्वी धार बरी होती, यातली गंमत इथे आहे. खरं तर जुना पाइप नवा असताना धार बरी होती. शेवटच्या वर्षांत गंज आणि क्षार साचून त्याचंही भोक बारा मिलिमीटरवर आलं असेल तर नव्यात फारसा फरक जाणवणारच नाही. सीपीव्हीसी वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. ती गंजत नाही, आतून गुळगुळीत राहते. फक्त जीआयच्या जागी ती टाकताना एक माप वर जायचं, एवढं लक्षात ठेवावं. पुढच्या हिशेबात मी सीपीव्हीसीचीच भोकं धरली आहेत: पाऊण इंचीला १८ मिलिमीटर, एक इंचीला साडेतेवीस, सव्वा इंचीला साडेअठ्ठावीस.

आता एक घर घेऊ. कोल्हापूर-सांगलीकडे असतं तसं, तळमजला आणि वर दोन मजले. खाली आईवडील, वर दोघं भाऊ. प्रत्येक मजला तीन मीटरचा, म्हणजे गच्ची जमिनीपासून नऊ मीटरवर. गच्चीवर एक मीटर उंच ओटा आणि त्यावर हजार लिटरची टाकी. टाकीचा तळ झाला दहा मीटरवर. टाकीत पाणी कधी भरलेलं, कधी तळाला. हिशेब नेहमी तळाला गेलेल्या पाण्याचा करावा, कारण तक्रार त्याच वेळी होते. बादलीचा नळ प्रत्येक मजल्यावर फरशीपासून एक मीटरवर धरू. तळमजल्याच्या नळाची जमा नऊ मीटर, पहिल्या मजल्याची सहा, दुसऱ्या मजल्याची तीन. शॉवर नळापेक्षा मीटरभर वर, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या शॉवरची जमा अवघी दोन मीटर.

पाणी किती लागेल? सगळे नळ एकाच वेळी कधीच उघडे नसतात. किती नळ एकदम चालू असण्याचा संभव धरायचा, याची पद्धत रॉय हंटर यांनी १९४० साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये बसवली, आणि मोठ्या इमारतींचे आराखडे आजही त्या वाटेने जातात. तीन मजली घराला एवढ्या खोलात जायला नको. सकाळी साडेसात-आठला प्रत्येक मजल्यावर एक चांगला नळ चालू आहे, असं धरलं की पुरतं. चांगला म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरली पाहिजे. तीन मजल्यांचे मिळून मिनिटाला ३६ लिटर.

हे ३६ लिटर कुठून जातात ते पाहा. टाकीपासून ओट्याखाली उतरून गच्चीवर आडवा चारेक मीटर, मग डक्टमध्ये वळून दुसऱ्या मजल्याच्या टीपर्यंत. इथपर्यंत पाइप एकच आणि पाणी तिघांचं. टीला एक वाटा फुटला की खाली २४ लिटर उरतात. पहिल्या मजल्याच्या टीनंतर फक्त १२. याचा अर्थ सगळ्यांत जास्त पाणी सगळ्यांत वरच्या तुकड्यातून जातं, आणि तिथला खर्च तिन्ही मजल्यांच्या खात्यातून वजा होतो. तळमजल्याचा नळ कितीही खाली असला तरी त्याच्या पाण्याला हा टोल भरूनच खाली यावं लागतं.

अशा घरात गवंडी आणि प्लंबर मिळून काय टाकतात? "साहेब, पाऊण इंची पुरतं, सगळीकडे हेच टाकतो." टाकीपासून पहिल्या मजल्यापर्यंत पाऊण इंची, तिथून खाली "आता एकच मजला उरला" म्हणून अर्धा इंची, आणि प्रत्येक मजल्यावर भिंतीतून नळापर्यंत अर्धा इंची. टाकीपासून पहिल्या टीपर्यंतचा पाइप सात मीटर, पण एल्बो, व्हॉल्व्ह, टाकीचं तोंड यांचा अडथळाही पाइपच्या लांबीत मोजायचा असतो. एक इंची एल्बो म्हणजे पाऊण मीटर जादा पाइप, असा ढोबळ हिशेब. ते धरून लांबी होते अकरा मीटर. पाऊण इंची पाइपातून मिनिटाला ३६ लिटर नेताना मीटरमागे सुमारे ३६ सेंटिमीटर उंची खर्च होते. अकरा मीटरला चार मीटर. दुसऱ्या मजल्याच्या नळाकडे जमाच तीन मीटर होती. त्याचं दिवाळं इथेच निघालं.

तळमजल्याचं पाहू. चार मीटर वर गेले. पुढे पहिल्या मजल्यापर्यंत ०.६ मीटर. तिथून खालच्या अर्धा इंची तुकड्यात एक मीटरहून थोडं जास्त. आणि भिंतीतून नळापर्यंतच्या अर्धा इंची शाखेत, एल्बो धरून आठ मीटर लांबीला, जवळपास अडीच मीटर. एकूण खर्च आठ मीटरच्या वर, जमा नऊ. शिल्लक मीटरभरसुद्धा नाही. साध्या बिब कॉकमधून मिनिटाला बारा लिटर काढायचे तर तोंडाशी दीड-दोन मीटर तरी हवेत. सिंगल लिव्हरच्या नळांना आणि हल्लीच्या मोठ्या शॉवरना त्याहून बरंच जास्त.

प्रत्यक्षात कुठल्याही नळात उणे दाब राहत नाही. पाणीच कमी वाहतं. प्रवाह इतका घटतो की खर्च जमेत बसावा. पण ही घट सगळ्यांना सारखी येत नाही. आधी दुसरा मजला कोरडा पडतो, मग पहिला चिडचिडा होतो, आणि तळमजल्याला उरलंसुरलं मिळतं. वरच्यांना वाटतं खालचे पाणी ओढतात, खालच्यांना वाटतं वरचे अडवतात. दोघांचंही खरं आहे, कारण दोघं एकाच बारीक पाइपावर भांडत असतात.

आता गच्चीवरच्या आडव्या तुकड्याबद्दल जरा सावकाश बोलायला हवं, कारण तळमजल्याचा घात तिथे होतो आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. टाकीचा तळ दहा मीटरवर, आडवा पाइप नऊ मीटरवर. म्हणजे पाणी गच्चीवरून पलीकडे ढकलायला त्याच्यामागे उंची किती? एक मीटर. टाकी भरलेली असेल तर त्यात पाण्याच्या खोलीची भर. खाली नऊ मीटरची उतरण आहे हे खरं, पण ती पुढे आहे, मागे नाही. तोंडातोंड भरलेला पाइप सायफनसारखा पुढून पाणी ओढू शकतो, म्हणजे काही वेळ त्या उतरणीचाही उपयोग होतो. पण तसं ओढताना गच्चीच्या कोपऱ्यात, जिथे पाइप खाली वळतो तिथे, दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि पाइप हवा शोधू लागतो. घरात ती मिळायला जागा भरपूर असतात: व्हेंटचा पाइप, सोल्यूशन नीट न लागलेला जॉइंट, आणि सगळ्यांत सोपी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा उघडा नळ. तो नळ पाणी सोडायचं थांबवून फुस्स आवाज करत हवा आत घेतो. एकदा हवा शिरली की उभ्या पाइपातली उतरण निरुपयोगी. मग गच्चीवरच्या तुकड्यातून जेवढं पाणी त्या एका मीटरच्या जोरावर ढकललं जाईल, तेवढंच सगळ्या घराचं पाणी.

ते किती असतं? एल्बो धरून हा तुकडा आठ मीटरचा मानला आणि टाकी तळाला आलेली मानली, तर अर्धा इंची पाइपातून मिनिटाला सुमारे ७ लिटर, पाऊण इंचीतून २०, एक इंचीतून ३९ आणि सव्वा इंचीतून ६६. हे आकडे घराच्या उंचीवर अवलंबून नाहीत. घर तीन मजली असो की पाच, गच्चीवर पाऊण इंची पाइप असेल तर खाली सगळ्यांना मिळून वीस लिटर. तळमजल्याच्या बाथरूममध्ये कितीही जाड पाइप टाका, कितीही महागडा नळ लावा, ही मर्यादा हलत नाही.

टाकी आणखी उंच करावी, हा यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय. ओटा एक मीटरचा दोन मीटर केला तर पाऊण इंचीतून विसाचे सत्तावीस लिटर होतात. ओटा तसाच ठेवून पाइप एक इंची केला तर एकोणचाळीस. विटा, सिमेंट, लोखंडी स्टँड आणि वाऱ्यात टाकी हलण्याची भीती यांच्यापुढे पाच मीटर जाड पाइप फारच स्वस्त पडतो.

या घरासाठी मी निवडेन ती मापं अशी. टाकीच्या तोंडापासून दुसऱ्या मजल्याच्या टीपर्यंत सव्वा इंची. तिथून पहिल्या मजल्यापर्यंत एक इंची. त्याच्या खाली पाऊण इंची. मजल्यावर भिंतीतून जाणारी शाखा पाऊण इंची, आणि अर्धा इंची फक्त शेवटी, नळापाशी, हातभर. पाइप खाली जाताना बारीक होतो हे ठीक आहे, कारण खाली पाणी कमी आणि उंची जास्त असते. चूक असते ती वरच्या टोकालाच बारीक करण्याची. आता खर्च मांडा. पहिल्या अकरा मीटरला चारऐवजी ०.४५ मीटर. पुढच्या दोन तुकड्यांना प्रत्येकी ०.२ मीटरहून कमी. शाखेला ०.४. तळमजल्याचा एकूण खर्च सव्वा मीटरच्या आत आणि शिल्लक पावणेआठ मीटर. पहिल्या मजल्याच्या नळाला पाच मीटर उरतात, दुसऱ्या मजल्याच्या नळाला दोनहून जास्त. तिन्ही नळ एकदम चालू असताना.

तळमजल्याची एवढी शिल्लक पाहून तिथला पाइप आणखी बारीक करावासा वाटेल. ते करू नये. पण तळमजल्याचा पूर्ण उघडा नळ बारा लिटरवर थांबणार नाही, वीस-पंचवीस ओढेल आणि वरच्याला त्रास देईल, हे खरं. त्यासाठी प्रत्येक मजल्याच्या शाखेवर एक बॉल व्हॉल्व्ह द्यावा आणि तळमजल्याचा थोडा दाबून ठेवावा. दाबलेला व्हॉल्व्ह उद्या मोकळा करता येतो. भिंतीत गाडलेला बारीक पाइप रुंद करता येत नाही.

नवीन बांधकाम असेल आणि टाकीला दोन तोंडं पाडायची तयारी असेल तर याहून चांगला मार्ग आहे: दुसऱ्या मजल्याची लाइन टाकीपासूनच वेगळी, एक इंची, आणि खालच्या दोन मजल्यांची वेगळी, तीही एक इंची. मग तळमजल्यावर कोणी नळ उघडला तरी वरच्या शॉवरला त्याचा पत्ताही लागत नाही. पाइप जास्त लागतो, पण भावाभावांचा सकाळचा संवाद सुधारतो.

जाडीलाही मर्यादा आहे. याच घरात दोन इंची टाकली तर सव्वा इंचीच्या तुलनेत वाचणारा खर्च अर्ध्या मीटरहून कमी, आणि गच्चीवरच्या पाच मीटरमध्ये तीनऐवजी साडेसात लिटर पाणी उन्हात तापत पडणार. गीझरपासून नळापर्यंतच्या गरम लाइनला तर जाड पाइप टाकूच नये. तेवढं थंड पाणी वाया गेल्याशिवाय गरम येत नाही.

पाइप योग्य निवडूनही काम बिघडवणाऱ्या दोन जागा आहेत, आणि दोन्ही टाकीपाशीच. पहिली म्हणजे टाकीचं निपल. सव्वा इंची लाइन टाकायची ठरते, पण टाकीला आधीच एक इंची किंवा पाऊण इंची भोक पाडलेलं असतं, आणि तिथे रेड्यूसर लावून वेळ मारून नेतात. बारीक तोंड हातभर लांबीचंच असेल तर नुकसान थोडं, पण तिथून दोन एल्बो आणि मीटरभर पाइप बारीकच गेला असेल तर सव्वा इंचीचा फायदा बराचसा गेला. दुसरी जागा व्हॉल्व्ह. पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह किंवा गेट व्हॉल्व्ह उघडा असताना जवळपास अडथळा करत नाही. पण चाक फिरवून वर-खाली होणारा ग्लोब पद्धतीचा स्टॉप कॉक पाण्याला आतल्या आत दोनदा वळवतो; एक इंचीमध्ये असा एक कॉक म्हणजे आठेक मीटर जादा पाइप. गच्चीवरच्या आठ मीटरचे सोळा झाले. जुन्या गेट व्हॉल्व्हची वेगळीच खोड: दांडा झिजून आतली पाकळी सुटते आणि अर्धी खाली पडून राहते. बाहेरून चाक फिरतं, व्हॉल्व्ह उघडा वाटतो, आणि आत पाणी फटीतून जात असतं.

व्हेंटचा पाइप या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे काढून टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा उंच न्यावा. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की अडकलेली हवा तिथून निघून जाते. त्याबरोबर आडव्या पाइपाला खाली वळण्याच्या दिशेने सतत थोडा उतार हवा. मधेच एखाद्या बीमवरून किंवा कट्ट्यावरून पाइप उचलून नेला असेल तर त्या उंचवट्यात हवा बसते आणि सव्वा इंची पाइपात पाण्याला अर्धीच वाट उरते.

घर बांधून झालेलं आहे, पाइप भिंतीत आहेत, मग दोष कुठे हे कसं ओळखायचं? पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. टाकी भरलेली असताना घरातले बाकी सगळे नळ बंद करून तळमजल्याची बादली भरा. मग दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याचा एकेक नळ उघडून पुन्हा भरा. एकट्याने बादली मिनिटभरात भरते आणि वरचे नळ उघडल्यावर तीन मिनिटं लागतात, तर दोष सामाईक तुकड्यात आहे, म्हणजे गच्ची ते पहिला टी. एकट्यानेही तीन मिनिटं लागतात, पण त्याच मजल्यावरचा दुसरा नळ बरा चालतो, तर त्या एका नळाची शाखा, अँगल कॉक, नाहीतर जाळी. मजल्यावरचे सगळेच नळ एकट्यानेही मंद असतील, तर त्या मजल्याचा व्हॉल्व्ह किंवा टीनंतरचा पाइप. मग एकदा टाकी तळाला आलेली असताना हीच परीक्षा करा. भरलेल्या टाकीला धार बरी आणि रिकामी होताना झपाट्याने कमी होत असेल, तर गुन्हेगार गच्चीवरचा आडवा पाइपच. तळमजल्याला नऊ मीटर उंची आहे. टाकीतलं मीटरभर पाणी कमी झाल्याने त्याला एवढा फरक पडायचं कारण नाही. फरक पडतो तो जिथे मुळातच मीटर-दोन मीटर उंची आहे तिथे. वरच्या मजल्याचा उघडा नळ हवा आत घेताना ऐकू आला, तर आणखी पुरावा नको.

असा दोष निघाला तर भिंती फोडाव्या लागत नाहीत. आपण घेतलेल्या घरात समजा सुरुवातीपासून खालपर्यंत सगळी लाइन पाऊण इंची होती आणि शाखा अर्धा इंची. तळमजल्याच्या नऊ मीटरपैकी सात मीटर खर्च होत होते, शिल्लक दोनहून कमी. त्यातला टाकी ते दुसऱ्या मजल्याचा टी एवढाच भाग, जो गच्चीवर आणि डक्टमध्ये उघडाच असतो, सव्वा इंची केला, तर खर्च पावणेचारांच्या आत येतो आणि शिल्लक पाच मीटरच्या वर जाते. उरलेली लाइन जशीच्या तशी. काम एका दिवसाचं, टाकी रिकामी करून. गच्चीवरचा नवा पाइप रंगवून किंवा झाकून घ्यावा. प्लास्टिक उन्हात ठिसूळ होतं.

दुसऱ्या मजल्याच्या शॉवरचं मात्र एवढ्याने भागत नाही. त्याची जमा दोनच मीटर, आणि सगळी मापं मनासारखी टाकली तरी तिन्ही मजले चालू असताना त्याच्यापाशी एक मीटरहून थोडं जास्त उरतं. साधी जाळीदार रोज त्यावर चालेल. मोठा रेन शॉवर चालणार नाही. पाइप उंचीचा खर्च वाचवतो, नवी उंची देत नाही. तिथे खरोखरच टाकी उंच करावी लागते किंवा छोटा प्रेशर पंप लावावा लागतो, आणि पंप लावायचा तर तो दुसऱ्या मजल्याच्या स्वतंत्र लाइनवर. सामाईक लाइनवर बसवला तर तो तळमजल्याच्या नळातून पाणी फेकत राहील, आणि वरच्या शॉवरला पुन्हा उरलेलंच मिळेल.